टिंबाने वाढलेले माळवद

गुत्तेदाराने वहीच्या फाडलेल्या पानावर लिहून दिलेले अंदाजपत्रक संगणकावर उतरवून घेणे, प्रत्येक ओळीतील परिमाण आणि दर यांचा गुणाकार पुन्हा करणे आणि खाली ‘आकडेमोड तपासली’ असा शिक्का उमटवणे, या तीन क्रिया पार पडल्या की धाराशिव जिल्ह्यातील कोणत्याही घराची दुरुस्ती शास्त्रशुद्ध पायावर उभी राहिली, असे मानण्याचा प्रघात आहे. या पानाला चार रकाने असतात: कामाचा तपशील, परिमाण, दर आणि रक्कम. पाचवा रकाना एककाचा, म्हणजे परिमाण नगात आहे, चौरस फुटात आहे की ब्रासमध्ये आहे हे सांगणारा असायला हवा. पण तो नसतो, कारण ते ‘सगळ्यांना ठाऊकच असते’. ब्रास हे मातकामात, वाळूत आणि खडीत शंभर घनफुटांचे माप आहे, तर गिलाव्यात तोच ब्रास शंभर चौरस फुटांचा होतो, हेही सगळ्यांना ठाऊक असते. वाद निघतो तो बिल चुकते करताना, आणि तेव्हा प्रत्येकाला वेगळे ठाऊक असल्याचे उघड होते.

तपासणीचा उपयोग नाही, असे कोणी म्हणू नये. हाताने लिहिलेल्या पानावर मराठी आणि इंग्रजी अंक एकाच ओळीत गुण्यागोविंदाने नांदतात, आणि मराठी ४ हा इंग्रजी 8 सारखा, तर मराठी १ हा इंग्रजी 9 सारखा दिसतो. ‘खिडक्या ४ नग, दर २,५००, रक्कम १०,०००’ या ओळीत चारचे आठ वाचले गेले, तर गुणाकार वीस हजारांवर जातो, लिहिलेल्या दहा हजारांशी त्याचा मेळ बसत नाही आणि चूक वाचनाची होती हे तिथल्या तिथे कळते. म्हणूनच जाणकार टंकलेखक लिहिलेली रक्कम जशीच्या तशी एका रकान्यात ठेवतो, काढलेली रक्कम शेजारच्या रकान्यात मांडतो आणि दोहोंतील फरक तिसऱ्यात दाखवतो. लिहिलेल्यावर काढलेले चढवणे म्हणजे पुरावा पुसणे होय. रकमेपुढची ‘/-’ ही शेपटी मात्र त्याने टंकू नये, कारण त्या शेपटीसह रक्कम संगणकाच्या लेखी आकडा न राहता मजकूर ठरते आणि `SUM` हे सूत्र अशा ओळीला चकार शब्द न काढता वगळते. एकूण बेरीज कमी आलेली पाहून काटकसर झाल्याचा आनंद मानणारी कार्यालये याच शेपटीवर जगतात.

आता माळवदाकडे वळावे. माळवद म्हणजे लाकडी तुळया आणि दाट पाटण यांवर मातीचा जाड थर घालून केलेले सपाट छत. उन्हाळ्यात ते थंडावा देते. पण दगड-मातीच्या भिंतीवर त्याचे किती ओझे असते, हे ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे झालेल्या भूकंपात सास्तूरपासून किल्लारीपर्यंतच्या गावांनी पाहिले. तेव्हापासून या भागातील जुन्या घराच्या दुरुस्तीत ‘माळवदाची माती उतरवणे’ ही ओळ बहुधा वरच्याच क्रमांकांवर असते. अशा एका खणाची लांबी साडेएकवीस फूट, रुंदी दहा फूट नऊ इंच आणि मातीची जाडी दीड फूट आहे असे धरावे. गुत्तेदाराच्या पानावर ही मापे २१.६, १०.९ आणि १.६ अशी उतरतात. टेपवर जिथे एकवीस फूट सहा इंच दिसले, तिथे त्याने एकवीस लिहिले, एक टिंब दिले आणि सहा लिहिले. हे टिंब त्याच्या मनात फूट आणि इंच यांच्या मधली भिंत आहे. गणकयंत्राला या भिंतीची कल्पना नसते. ते टिंबापुढच्या सहाला दशांश समजते आणि बारा इंचांचा फूट मुकाट्याने दहा इंचांचा करून टाकते.

वास्तविक २१.५, १०.७५ आणि १.५ यांचा गुणाकार ३४६.६९ घनफूट येतो, म्हणजे ३.४७ ब्रास. टिंबवाल्या मापांचा गुणाकार ३७६.७० घनफूट येतो, म्हणजे ३.७७ ब्रास. शेकडा आठहून अधिक माती केवळ टिंबाने निर्माण झाली, आणि तिच्यातील सर्वात मोठा वाटा लांबीचा नसून जाडीचा आहे: साडेएकवीस फुटांवर टिंबाने शेकडा अर्धासुद्धा वाढत नाही, पण दीड फुटाचा १.६ झाला की तेवढ्यानेच शेकडा जवळपास पावणेसात वाढतात. माप जितके लहान तितके टिंब जबर. उतरवलेली माती फुगते आणि तिचे घनफळ वाढते, असे समर्थन गुत्तेदार यावर करू शकतो, आणि ते खोटेही नाही. परंतु फुगवट्याची ओळ वेगळी लिहायची असते, ती जाडीच्या टिंबात लपवायची नसते. शिवाय हेच ३.७७ खालच्या ‘माती गावाबाहेर वाहून टाकणे’ या ओळीतही उतरते, त्यामुळे छपरावर कधीच नसलेली तीस घनफूट माती घरमालकाच्या पैशाने एकदा खाली येते आणि दुसऱ्यांदा गावाबाहेर जाते. त्या मातीला कोणत्याही मजुराचे घमेले लागलेले नसते.

याहून रम्य प्रकार पुढे आहे. गुत्तेदाराने दर ब्रासला १,२०० रुपये लावला आणि रक्कम ४,२५४ लिहिली. तपासनिसाने ३.७७ ला १,२०० ने गुणले, ४,५२४ आले, फरक २७० निघाला. ज्या फरकाला नवाने निःशेष भाग जातो, तिथे शेजारचे दोन अंक उलटसुलट पडले असावेत, हा जमाखर्चातला जुना आडाखा आहे. २७० ला नवाने भाग जातो, पाच आणि दोन यांनी जागा बदलली आहे हे सिद्ध होते आणि तपासनीस मोठ्या समाधानाने ४,२५४ खोडून ४,५२४ लिहितो. खरी रक्कम ४,१६४ आहे. म्हणजे गुत्तेदार हिशेबात चुकला तेव्हा तो सत्यापासून फक्त ९० रुपये दूर होता, आणि तपासणीने त्याला दुरुस्त करून ३६० रुपये दूर नेऊन ठेवले. या दुरुस्तीखाली तारखेसह सही असते. प्रत्येक ओळ पुन्हा गुणण्याची सगळी पुण्याई गुणाकाराच्या उजवीकडे खर्च होते आणि चूक डावीकडे, परिमाणाच्या पोटात, स्वस्थ बसलेली असते. तिच्याकडे पाहण्यासाठी मूळ लांबी-रुंदी-जाडी मागावी लागते, आणि ती मागितली की ‘साहेब, तिथे मिस्त्री होता, त्याला विचारा’ असे उत्तर येते.

टिंब ओळखणे अवघड नाही. गवंडी पाव, अर्धा, पाऊण फुटावर माप धरतो, म्हणजे तीन, सहा आणि नऊ इंच. म्हणून ज्या पानावर टिंबापुढे ३, ६ आणि ९ यांचीच गर्दी आहे आणि .२५, .५, .७५ यांचा मागमूस नाही, ते पान फूट-इंचांत लिहिलेले आहे हे निश्चित समजावे. उतारा करताना फूट आणि इंच यांना स्वतंत्र रकाने द्यावेत आणि ब्रास असा काढावा:

```
=(A2+B2/12)*(C2+D2/12)*(E2+F2/12)/100
```

यात टिंबाला शिरायला जागाच उरत नाही. इतके सोपे असताना हे का होत नाही, असा भाबडा प्रश्न विचारणाऱ्याने टिंबाचा स्वभाव नीट न्याहाळावा. एक ते नऊ इंचांपर्यंत टिंब नेहमी माप वाढवते, कारण कोणत्याही संख्येचा दहावा भाग तिच्या बाराव्या भागापेक्षा मोठाच असतो. दहा आणि अकरा इंचांना मात्र ते उलटते: पाच फूट दहा इंच ५.१० असे लिहिले, तर संगणक ते ५.१ समजतो आणि गुत्तेदाराची जवळपास पाऊण फूट भिंत गडप होते. आणि नेमक्या याच ठिकाणी, सबंध पानावर अडाणीपणाचे सोंग वठवणाऱ्या हाताला अचानक गणित सुचते. ५.१० असे माप कोणत्याही अंदाजपत्रकात कोणी पाहिलेले नाही. तिथे सरळ ‘६’ लिहिलेले असते. सहा इंचांचा अर्धा फूट होतो हे ज्याला ठाऊक नाही, त्याला दहा इंचांचा एक दशांश होत नाही हे पक्के ठाऊक असते. आणि असल्या निवडक अज्ञानाला ‘लिहिण्यातली किरकोळ चूक’ म्हणून पोटात घालणाऱ्या, कर्ज काढून छप्पर हलके करू पाहणाऱ्या माणसाला मात्र उताऱ्यावरची सही इंचभर चुकली म्हणून तीन वेळा तालुक्याला बोलावणाऱ्या कार्यालयीन शिस्तीला लाज नावाचा रकाना कधी जोडला जाणार, हे विचारायला हवे. एका घराचे तीनशे साठ रुपये, म्हणून हसण्यावारी न्यायचे. पण ते ज्याचे जातात त्याला रोजगार बुडवून तालुक्याच्या खेपा घालाव्या लागतात, आणि ज्याला मिळतात त्याने त्यासाठी केवळ पेनाचे टोक टेकवलेले असते.

तीन दरपत्रके मागवली की स्पर्धेमुळे योग्य दर मिळतो, या श्रद्धेचेही येथे टिंबानेच वाटोळे होते. तीन वेगवेगळ्या लेटरहेडवर, तीन वेगवेगळ्या शाईने लिहिलेल्या पत्रकांत दर १,२००, १,२५० आणि १,३०० असे शिस्तीत चढत जातात आणि परिमाण मात्र तिन्हींत ३.७७ असते. तीन स्वतंत्र माणसांनी एकच खण मोजला, तर खरे उत्तर तिघांचे सारखे येऊ शकते; पण तिघांनीही तिन्ही मापांतले इंच नेमके दशांशच मानावेत, हा योगायोग नसतो. बरोबर उत्तर कोणाचे आहे हे सांगता येत नाही, चूक मात्र आपला बाप सांगते. तुलनात्मक तक्त्यात ही तिन्ही पत्रके उतरवून घेणारा टंकलेखक तिसऱ्यांदा ३.७७ टंकताना क्षणभर थांबतो, इकडेतिकडे पाहतो आणि टंकतो, कारण त्याच्या तक्त्यात ‘संशय’ हा रकाना नाही.

शेवटची ओळ सर्व अंदाजपत्रकांत सारखी असते: ‘इतर किरकोळ खर्च, परिमाण १, दर १५,०००, रक्कम १५,०००.’ जिथे मोजमाप करता येत नाही किंवा करायचे नसते, तिथे धरलेल्या ठोक रकमेची ही ओळ असून, पानावरची गुणाकारात कधीही न चुकणारी ओळ हीच. तपासनीस तिच्यापुढे निःशंक मनाने बरोबरची खूण करतो. एखाद्या चिकट घरमालकाने फूट आणि इंच वेगळे करून माळवदाची ओळ ४,५२४ वरून ४,१६४ वर आणलीच, तर सुधारित अंदाजपत्रक चार दिवसांत येते, त्यात ब्रास अगदी ३.४७ असतात, ‘आपल्या सूचनेनुसार दुरुस्ती केली आहे’ असे नम्र पत्र जोडलेले असते, आणि तळाशी किरकोळ खर्चाचे परिमाण १, दर १५,३६० आणि रक्कम १५,३६० असते.