चेंडूमागे रुपये साडेबारा

नानांना कुठल्याही क्लासची फी विचारू नये. ते आकडा सांगत नाहीत, ‘कशामागे?’ असा उलट प्रश्न टाकतात. महिन्यामागे सांगितलेली फी ही त्यांच्या मते फी नसून जाहिरात असते.

यंदा अकरा वर्षांच्या नातवाला क्रिकेटच्या कोचिंगला घालायचं ठरलं. सुनेने दोन क्लास शोधले. पहिला महिन्याला दोन हजार, आठवड्यातून पाच दिवस, रोज दोन तास. दुसरा साडेतीन हजार, आठवड्यातून तीनच दिवस, दीड-दीड तास. सून म्हणाली, “नाना, पहिला तासाला पन्नास रुपये पडतो, दुसरा जवळजवळ दोनशे. यात बघायचं काय?”

“तास खेळतो का चेंडू?” असं म्हणून नाना छत्री आणि मनगटी घड्याळ घेऊन मैदानावर गेले.

पहिल्या क्लासात नेट एक आणि मुलं चोवीस. दोन तासांतला पहिला अर्धा तास पळण्यात आणि हातपाय हलवण्यात गेला, पुढचा अर्धा कॅचेस घेण्यात. उरलेल्या तासात चोवीस मुलांची बॅटिंग, म्हणजे वाट्याला अडीच मिनिटं. त्यातही क्लासचे पॅड दोनच जोड, एकाने सोडायचे आणि दुसऱ्याने बांधायचे. वेल्क्रो इतका थकलेला की पॅड गुडघ्यावरून घोट्यावर येऊन बसे. नेटमध्ये मिनिटाला साधारण चार चेंडू पडतात. बांधाबांध वजा जाता मुलाला मिळाले आठ. महिन्याचे वीस दिवस धरले तर एकशे साठ चेंडू, म्हणजे चेंडूमागे साडेबारा रुपये. शिवाय सीझन बॉल इतका जुना की शिवण बोटाला लागेना.

दुसऱ्या क्लासात मुलं आठ, पॅड प्रत्येकाचे स्वतःचे, नेट पुन्हा तासभर. वाट्याला साडेसात मिनिटं, जवळजवळ अठ्ठावीस चेंडू. बारा दिवसांचे तीनशे छत्तीस. चेंडूमागे दहा रुपये बेचाळीस पैसे! महाग क्लास स्वस्त निघाला म्हटल्यावर नाना इतके खूश झाले की त्यांनी रिक्षा केली. (हेल्मेट आणि पॅड आपल्या खिशातून आणायचे आहेत, हे सुनेने रात्री लक्षात आणून दिलं. नानांनी तो खर्च तीन वर्षांवर पसरला.)

मग कुणीतरी एकट्याला शिकवणाऱ्या सरांची बातमी दिली. तासाला आठशे, बोलिंग मशीन, निदान एकशे ऐंशी चेंडू. चेंडूमागे साडेचार रुपयेसुद्धा नाहीत. नानांना झोप लागेना. पण प्रत्यक्ष तास पाहताना एक गोष्ट दिसली. साठाव्या चेंडूनंतर नातवाची कोपरं खाली आली, पाय हलेनासे झाले आणि पुढचे चेंडू तो नुसते बॅटने अडवत राहिला. कामाचे साठच, म्हणजे दर सव्वातेरावर गेला. त्यात मशीनला हात नसतो. बोलर मनगट कसं वळवतो, चेंडू कुठून सोडतो हे बघायची सवय तिथे लागणार कशी? हे मात्र नानांचं अगदी खरं होतं, मानायलाच हवं.

सरांच्या अनुभवाची किंमत ते वेगळ्याच रीतीने काढतात. फलकावर ‘रणजी खेळलेले’ असं वाचून हुरळून जाणं त्यांना जमत नाही. ते विचारतात, “हे सर आठवड्यातून किती दिवस नेटच्या मागे उभे असतात?” एके ठिकाणी उत्तर मिळालं, रविवारी, फोटोच्या वेळी. बाकी दिवस कॉलेजातला एक पोरगा. पण त्या पोरग्यालाही नानांनी नापास केलं नाही. मुलगा त्रिफळा उडून परत आला की शिकवणारा ‘सरळ खेळ रे’ एवढंच म्हणतो, की पुढचा पाय कुठे पडला ते दाखवतो, यावर ते गुण देतात. त्या पोरग्याने पाय दाखवला. रविवारच्या सरांनी फोन दाखवला, कुठल्याशा स्पर्धेच्या प्रवेश फीचा.

जून ते सप्टेंबर मैदानात चिखल असताना फी अर्धी होते का, हा प्रश्न मात्र ते कधीच सोडत नाहीत. तिथे बहुतेक सर घसा साफ करतात.

शेवटी दुसऱ्या क्लासात पैसे भरायला नाना निघाले, तेव्हा नातू म्हणाला, “आजोबा, मला पहिल्याच क्लासला जायचंय.”

“का रे? आठ चेंडू!”

“पण मी लेगस्पिन टाकतो ना. तिथे सर मला अर्धा तास बोलिंग देतात, रोज चार ओव्हर होतात. त्या दुसऱ्या क्लासात सरच चेंडू फेकतात, आम्ही नुसती बॅटिंग करायची.”

नाना चपला काढून परत आत आले, वही उघडली आणि पट्टी घेऊन एक नवीन रकाना आखला: ‘टाकलेले’. मग चष्म्यावरून नातवाकडे पाहत विचारलं, “वाइड धरायचे का रे?”