उत्तर साठ जणांना द्या

पावसाळ्यात धो धो कोसळणाऱ्या कर्जतमध्ये मे उजाडला की बोअरचं पाणी आटतं, टँकर सुरू होतात आणि सोसायटीच्या मेलवर भांडण पेटतं. निम्मे सभासद राहतात ठाण्या-मुलुंडला, फ्लॅटवर येतात शनिवार-रविवारी. त्यातला एक जण साठ जणांना मेल टाकतो, ‘एका महिन्यात 24 टँकर? कुणाचे खिसे भरले?’

सेक्रेटरीचं डोकं फिरतं, आणि ते साहजिक आहे. पण त्याच तिरीमिरीत तो लिहितो, ‘आरोप निराधार आहेत. आम्ही घरचं खाऊन, विनामोबदला काम करतो.’ इथेच घात होतो. टँकरचा हिशेब बाजूला राहतो आणि सेक्रेटरीच्या त्यागावर चर्चा सुरू होते.

चिडलेल्या माणसाला त्या रात्री काहीही पटणार नाही. उत्तर लिहायचं ते गप्प बसून वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी. म्हणून ते त्याच मेलवर, सर्वांनाच जायला हवं. त्याला एकट्याला खुलासा पाठवला, तर बाकीच्यांच्या मनात आरोप तसाच राहतो. मजकूर लिहून होईपर्यंत पत्त्याची जागा मात्र कोरी ठेवा, चुकून बटण दाबलं गेलं तरी मेल जाणार नाही. सकाळी एकदा वाचा, मगच पाठवा.

मजकूर एवढाच:

‘8 मेला बोअर बंद पडली. तेव्हापासून 31 मेपर्यंत रोज एक, असे 24 टँकर आले. बिलं आणि वॉचमनच्या नोंदवहीची पानं सोबत जोडली आहेत. टँकर सुरू केल्याची सूचना सभासदांना तेव्हाच जायला हवी होती, ती गेली नाही. यापुढे त्याच दिवशी जाईल. मूळ कागद पाहायचे असल्यास रविवारी अकराला ऑफिसात या.’

यात खिशांचा उल्लेखच नाही. तो शब्द खोडून काढायला गेलात, तरी तोच पुन्हा साठ जण वाचतात. तक्रारीतला खरा भाग मात्र मान्य केला आहे, त्यामुळे बाकीचे आकडे विश्वासाने वाचले जातात. ‘मुळात’, ‘आपल्या माहितीसाठी’, ‘खेदाने नमूद करतो’ हे शब्द दिसले की काढा, त्यांत राग लपत नाही. आणि बाजू घ्यायला मित्रांना मेलवर उतरवू नका, त्यातून फक्त दोन गट पडतात.

पुन्हा टोमणा आला तर? नवा प्रश्न असेल तर उत्तर द्या, नसेल तर गप्प राहा. पैसे खाल्ल्याचा थेट आरोप पुन्हा झाला, तर सेक्रेटरीने एकट्याने झुंजू नये. विषय कमिटीच्या सभेत घ्यावा, इतिवृत्तात नोंदवावा आणि उत्तर कमिटीच्या नावाने जावं.

सभासदांनाही एक विनंती. हिशेबाचे कागद पाहायचा हक्क सहकार कायद्याने तुम्हाला दिला आहे. आधी अर्ज करून ते मागा, मग मेल लिहा.