भाच्याचा वाढदिवस, मामाची खरेदी

कोडिंगवेड्या भाच्याला काय द्यायचं, हे मामा खोक्याच्या आकारावरून ठरवतो. ऑनलाइन कोर्सला रंगीत कागद गुंडाळता येत नाही, म्हणून तो पहिल्याच फेरीत बाद. (शिवाय वर्ष सरलं की कार्डातून पैसे आपोआप कापले जातात, ही धास्ती.)

अप्पा बळवंत चौकात निम्म्या किमतीत पायथनचं जाडजूड पुस्तक मिळालं की मामा खूश. आत मात्र असं:

```
print "Hello"
```

कंस नाहीत, म्हणजे हे पायथन २. त्याची देखभाल २०२० च्या आरंभीच थांबली. आजच्या पायथनमध्ये ही ओळ सिंटॅक्स एरर देते. दुकानात उभ्या उभ्या तपासता आलं असतं, पण मामा पानं उघडत नाही, वजन बघतो.

मग इलेक्ट्रॉनिक्सचं किट. बोर्डाबरोबर अनेकदा केबल नसते, म्हणून घरातली चार्जिंगची जोडतात. बोर्डावरचा दिवा लागतो, पण संगणकाला पोर्ट दिसत नाही, कारण तसल्या स्वस्त केबलीत बऱ्याचदा डेटाच्या ताराच नसतात. पोरगं रात्रभर ड्रायव्हर टाकत बसतं.

"दिवा तर लागलाय की," मामा म्हणतो, "आता कोडिंग कर!"