सहा जानेवारीचे बाळ

आपल्या धाराशिवकडच्या जुन्या पिढीत निम्मं गाव १ जूनला जन्मलेलं. कागदोपत्री, अर्थात. शाळेत नाव घालताना गुरुजींनी जन्मतारीख विचारायची, आईने ‘आखाडात, पाऊस होता’ म्हणायचं आणि गुरुजींनी १ जून ठोकून द्यायचा.

आता ही यादी अमेरिकी पद्धतीवर बसवलेल्या एक्सेलमध्ये उघडा. 01/06/1968 चा मुकाट्याने ६ जानेवारी होतो. 17/09/1968 ला मात्र सतरावा महिना सापडत नाही, म्हणून ती तारीख मजकूर होऊन डाव्या कडेला चिकटते. म्हणजे चुकीच्या तारखा शिस्तीत उजवीकडे आणि बरोबर असलेली बिचारी डावीकडे! आपण दुरुस्त करायला धावतो तीही डावीकडचीच.

यावर उपाय म्हणजे फाइल आयात करतानाच तो स्तंभ मजकूर ठेवायचा आणि मग तुकडे उलटे जोडायचे:

```
=RIGHT(A2,4)&"-"&MID(A2,4,2)&"-"&LEFT(A2,2)
```

उत्तर 1968-06-01. अट एवढीच, की मूळ नोंद दहा अक्षरी हवी. 1/6/68 लिहिणाऱ्या बाबूपुढे सूत्रही हात टेकतं.

उरला 03/04/1972: ३ एप्रिल की ४ मार्च? एका स्तंभात 25/04 आणि 04/25 दोन्ही दिसले, तर दोन हातांनी यादी भरली असं समजा, खूण करा आणि शाळा सोडल्याचा दाखला मागवा. त्यावर तारीख अक्षरीही असते. आणि यादीत ६ जानेवारीवाल्यांची जत्रा दिसली, तर दाखल्याचीही वाट पाहू नका.