वाढत्या अंगाची सायकल

मुलांसाठी सगळं वाढत्या अंगाचं घ्यायचं, या पंथाचे बाबा पुण्यात पेठेपेठेत भेटतात. शर्ट मोठा झाला तर बाह्या दुमडता येतात. सायकल दुमडता येत नाही, एवढंच त्यांच्या हिशेबात बसत नाही.

दुकानात ते वही घेऊन येतात; मुलीला आणत नाहीत. वहीत रकाने असतात: हीरो, फायरफॉक्स, बीएसए, हर्क्युलीस. हीरोपेक्षा फायरफॉक्स सरस, हा निष्कर्ष लाल शाईत. दुकानदार शांतपणे सांगतो, "साहेब, फायरफॉक्स 2015 सालीच हीरोनं घेतली. बीएसए आणि हर्क्युलीस तर एकाच घरातल्या, चेन्नईच्या टीआयच्या." वहीची चार पानं तिथल्या तिथे बाद होतात.

"बरं, मग 24 इंची द्या. आठ वर्षांची आहे, दहावीपर्यंत चालली पाहिजे."

"वय नको, माप सांगा. मुलगी कुठंय?"

मुलगी येते. उंची 125 सेंटिमीटर. पण दुकानदाराला हवं असतं पायाचं माप. तो तिला चपला काढून भिंतीला टेकवून उभी करतो, दोन पायांमध्ये एक पुस्तक वरपर्यंत घट्ट धरायला सांगतो आणि पुस्तकाच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंत टेप लावतो. 56 सेंटिमीटर. मग 24 इंचीची सीट पार खाली करून मोजतो, तर ती 70! मुलगी बसली की दोन्ही पाय अधांतरी. 20 इंचीची सीट 60 वर येते आणि पायांचे चवडे टेकतात. जिला सायकल येते तिला एवढं पुरतं. शिकाऊ मुलाचे मात्र तळवे पूर्ण टेकायला हवेत.

बाबांचा शेवटचा बाण: "20 ची फ्रेम म्हणजे लहानच की!" तेही चूक. मुलांच्या सायकलीत 20 हा आकडा चाकाचा असतो. फ्रेम कंपनीगणिक लहानमोठी निघते, म्हणून दोन 20 इंची सायकलींवरही मूल वेगवेगळं बसतं.

"आणि ही वर्षभरात लहान झाली तर?" या वयात उंची वर्षाला पाच-सहा सेंटिमीटर वाढते, त्यात पायाचा वाटा साधारण निम्मा. सीटची नळी दहा-बारा सेंटिमीटर वर येते. म्हणजे दोन-तीन वर्षं कुठे गेली नाहीत. नळीवर कोरलेली खूण मात्र बाहेर दिसता कामा नये. त्यावर ताणली तर नळी वाकते किंवा फ्रेमला चीर जाते. पंथातले बाबा नेमकी तीच ताणतात.

ब्रेकचंही तसंच. लहान बोटं लिव्हरपर्यंत पोचत नसतील, तर बहुतेक लिव्हरना एक छोटा स्क्रू असतो; तो फिरवला की लिव्हर हँडलच्या जवळ येतो. हे दुकानातच करून घ्यावं.

सायकल अखेर 20 इंचीच ठरते आणि बाबा घासाघीस सुरू करतात. ती दोनशे रुपयांसाठी करण्यापेक्षा पहिली सर्व्हिस फुकट मागा. खोक्यातून आलेली सायकल दुकानातच जोडली जाते, महिन्याभरात ब्रेकच्या तारा सैल पडतात, आणि त्या आवळायला जवळचाच दुकानदार लागतो.