पट्टी बोटभर, पावडर दुकानभर

शेठ यांस,


बारा-एची दहा कार्ट्रिजं एसटीच्या पार्सलने पोचली. माल पोचल्याची पावती मी वेगळी देत नाही. ती हमालाच्या सदऱ्यावर खांद्यापासून कमरेपर्यंत छापलेली आहे. खोक्याचा एक कोपरा काळा दिसला तेव्हाच मला शंका आली होती. पण बिलावर तुमच्या सुवाच्य अक्षरात ‘नवीन कंपॅटिबल’ लिहिलेलं होतं आणि कागदावरच्या मजकुरावर विश्वास ठेवणं हा आमच्या धंद्याचा पायाच आहे.

माझं दुकान तहसील कचेरीसमोर आहे, हे तुम्हाला माहीत आहे. जूनमध्ये इथे दाखल्यांची जत्रा भरते. पहिलं कार्ट्रिज लावलं तसं पान पुढून झकास आलं. गिऱ्हाइकाने पैसे दिले, कागद हातात घेतला आणि पाठीमागे पाहिलं. मागची बाजू तव्याच्या बुडासारखी झाली होती. कार्ट्रिजमधून गळलेली पावडर खालच्या ट्रान्सफर रोलरवर साचली होती. तो रोलर स्पंजचा, त्यामुळे वर पडेल ते पितो आणि येणाऱ्या प्रत्येक पानाच्या पाठीला पुसतो. म्हणजे कार्ट्रिज तुमचं गळलं, पण ते काढून टाकल्यावरही माझं मशीन बराच वेळ तुमचीच जाहिरात छापत राहिलं.

दुसऱ्या कार्ट्रिजने वेगळी करामत केली. पानावर बारीक काळे ठिपके आले, एकाखाली एक. पट्टी लावून मोजलं तर दोन ठिपक्यांत बरोबर ७५ मिलिमीटर अंतर. बारा-एचा ड्रम २४ मिलिमीटर व्यासाचा असतो, म्हणजे त्याचा एक वेढा ७५ मिलिमीटरचा. ड्रमवर एका जागी खरचटलं असलं की प्रत्येक वेढ्याला तोच ठिपका उमटतो. ए-फोर पानाची लांबी २९७, म्हणून पानाला चार ठिपके, क्वचित तीन. त्यातले तीन कोऱ्या जागेत पडले तर कोणाचं काही बिघडत नाही. चौथा मात्र एका प्रतिज्ञापत्रावर नेमका ‘कदम’मधल्या क-च्या डोक्यावर जाऊन बसला आणि अर्जदार कंदम झाले. आधारवर कदम, रेशनकार्डावर कदम, माझ्याकडच्या कागदावर कंदम. खिडकीतले साहेब शांतपणे म्हणाले, “नाव बदललंय. राजपत्रात छापून आणा.” त्या गृहस्थांनी राजपत्र आणलं नाही. ते माझ्याकडे आले. सोबत भाऊबंदही होते.

तिसऱ्याने तर छापायचा त्रासच घेतला नाही. खोक्यातून काढताच त्याने आपला माल टेबलावर ओतला. दुकानातल्या पोराने तो घरच्या व्हॅक्यूम क्लीनरने ओढायला घेतला. ही पावडर इतकी बारीक असते, की साध्या फिल्टरमधून पुढून आत जाते आणि मागून बाहेर येते. टेबल स्वच्छ झालं आणि भिंत काळी झाली. पोराच्या आईने त्याचा माखलेला शर्ट कढत पाण्यात भिजवला. पावडर म्हणजे शाई नव्हे, रंगवलेलं प्लॅस्टिक असतं आणि उष्णतेनेच चिकटतं. मशीनमधला गरम रोलर तेच काम करतो. कोरड्या ब्रशने झटकून गार पाण्यात धुतला असता तर शर्ट वाचला असता. आता तो कायमचा छापील झाला आहे.

मी फोन केला तेव्हा तुम्ही तीन कारणं दिलीत. पहिलं, “तुमचं मशीन खराब असेल.” म्हणून मशीन पुसलं, रोलर बदलला आणि त्यात माझं जुनं कार्ट्रिज लावलं. पान दोन्ही बाजूंनी स्वच्छ आलं. दुसरं, “पावसाळी हवा आहे.” हवा दमट असली की पावडरीच्या गुठळ्या होतात, छपाई फिकी येते, हे मला ठाऊक आहे. पण दमट हवेने कार्ट्रिजला भोक पडल्याचं मी अजून ऐकलं नाही. तिसरं, “लावण्याआधी नीट हलवलं नसेल.” शेठ, न हलवता ही अवस्था होती. हलवलं असतं तर पलीकडच्या मेडिकलवाल्यालाही पत्र लिहावं लागलं असतं.

मग मी तुमच्या मालाची चौकशी केली. नव्या कार्ट्रिजला बाजूला एक कान असतो. तो धरून ओढला की हातभर प्लॅस्टिकची पट्टी निघते. पावडरीच्या कप्प्याचं तोंड त्या पट्टीने बंद असतं, म्हणून नवा माल गावोगाव आदळत गेला तरी सांडत नाही. तुमच्या मालालाही कान होता, चांगला पिवळाधमक. ओढला तर बोटभर पट्टी आली आणि संपली. आत काही बंद केलेलंच नव्हतं. कान नुसता शोभेला चिकटवलेला होता.

यावर समाधान झालं नाही, म्हणून एक उघडलं. बाजूच्या दोन पिना काढल्या की बारा-एचे दोन भाग होतात. तुमच्या पिनांभोवती आधीच ठोकल्याच्या खुणा होत्या, म्हणजे माझ्याआधी कोणीतरी आत जाऊन आलं होतं. एका भागात ताजी पावडर, दुसऱ्यात ड्रम आणि त्यामागे वेस्टचा कप्पा. कागदावर न उतरलेली पावडर ब्लेडने खरवडली जाते आणि या कप्प्यात साठते. नव्या कार्ट्रिजमध्ये तो रिकामा असायला हवा, कारण त्याने अजून पानच छापलेलं नसतं. तुमचा काठोकाठ भरलेला होता. वर्तमानपत्रावर उपडा केला तर ढीग पडला. नवी पावडर भरणाऱ्याने जुनी काढायचे कष्ट घेतले नव्हते. आत जागाच उरली नाही, म्हणून ती ब्लेडच्या वरून बाहेर आली आणि माझ्या रोलरवर उतरली. म्हणजे पट्टी नसल्यामुळे ताजी पावडर रस्त्यात सांडली, शिळी माझ्या मशीनमध्ये सांडली आणि ड्रमचे ओरखडे आधीच्या मालकाने फुकट दिले.

रिफिलला माझा विरोध नाही. मी स्वतः रिफिल वापरतो. पण वेस्ट रिकामा करून, ब्लेड आणि ड्रम पाहून, आणि रिफिलच्या भावाने. तुम्ही नगाला ४५० लावलेत. दहाचे ४५००, त्यावर १८ टक्के जीएसटीचे ८१०, एकूण ५३१०. एवढ्या पैशात मला नव्या नवरीच्या पोशाखात तीनदा नांदून आलेली दहा कार्ट्रिजं मिळाली.

तेव्हा माझं म्हणणं असं. दहाही नग परत पाठवतो आहे, भाडं तुमच्याकडे. उघडलेल्या नगाचा वेस्ट वेगळ्या पिशवीत बांधला आहे, तोही तुमचाच. बदली माल मी दुकानात उघडून घेईन. पट्टी हातभर निघाली, तरच सही. रोलर बदलायचा खर्च आणि एक शर्ट पुढच्या बिलातून वजा करा. क्रेडिट नोट नको. मागची अजून वटायची आहे.

उत्तर फोनवर देऊ नका, लेखी द्या. तुमच्याकडच्या त्याच मालातलं एक कार्ट्रिज लावून छापा आणि पाठवा. मजकूर वाचता आला आणि कागदाची पाठ पांढरी निघाली, तर सगळी तक्रार मागे घेतो.

आपला,
कचेरीसमोरचा झेरॉक्सवाला

ता.क. पाकिटावर माझं नाव हाताने लिहा. अनुस्वार लागला तर पोस्टमन परत नेईल.