पाऊस, भजी आणि पासष्ट मिलिमीटर

स्पर्धेचा विषय 'पाऊस' ठेवला की आयोजकांचे एक बरे होते, विषय सुचवण्याचे श्रम वाचतात. परीक्षकाचे मात्र काही खरे नसते. गठ्ठा उघडावा तर पहिल्याच पानावर मातीचा सुगंध, दुसऱ्यावर खिडकी, तिसऱ्यावर कांदाभजी. महाराष्ट्रात दरवर्षी जेवढा कांदा पिकतो, त्यातला बराचसा पावसाच्या निबंधांतच तळला जात असावा.

काही स्पर्धक हुशार असतात. आपण भजी लिहायची नाहीत, एवढे त्यांना कळलेले असते. म्हणून ते शेवटच्या ओळीत धक्का देतात: तो पाऊस नव्हताच, ते आईचे डोळे होते! विषय 'आई' असला की हेच गृहस्थ सांगतात, ती आई नव्हतीच, तो पाऊस होता. याला वेगळा कोन म्हणत नाहीत, याला अदलाबदल म्हणतात.

माझी कसोटी सोपी आहे. लेखातला 'पाऊस' खोडून तिथे 'थंडी' लिहायचे. खिडकी राहते, चहा राहतो, कॉलेजातली ती राहते, भज्यांनाही हरकत नसते. म्हणजे लेख पावसावर नव्हताच, लेखकावर होता. पावसावाचून जे कोसळते, ते पावसाचे लिखाण. ते सापडायला भावनेच्या मागे न लागता एवढेच विचारावे: हा पाऊस पडला की कोणाला उठून काम करावे लागते आणि कोणाचे काय अडते?

यंदाच्या गठ्ठ्यात एका गोष्टीने हा प्रश्न विचारला होता. तिचा नायक पर्जन्यमापक. आपल्याकडे महसूल मंडळात चोवीस तासांत पासष्ट मिलिमीटरहून जास्त पाऊस नोंदला गेला की ती अतिवृष्टी, मग पंचनामे, मग भरपाईची आशा. आता हवामान खात्याचा दिवस तुमच्या-आमच्यासारखा रात्री बाराला संपत नाही, तो सकाळी साडेआठला संपतो. गोष्टीतल्या गावात पाऊस पहाटे चारला सुरू झाला आणि दुपारी थांबला. साडेआठपर्यंत चाळीस, पुढे पंचेचाळीस. सोयाबीन पंच्याऐंशी मिलिमीटर पाण्यात बुडाले, पण नोंदीत दोन वेगवेगळ्या दिवशी दोन बरे पाऊस झाले. अतिवृष्टी झालीच नाही.

इथे 'पाऊस' खोडून 'थंडी' लिहून बघा. साडेआठची वेळ निरर्थक होते, पासष्टचा आकडा पडतो, गोष्टच संपते.

नुसता नियम सांगितला असता तर ते परिपत्रक झाले असते, आणि परिपत्रकांना बक्षीस द्यायला वेगळी खाती आहेत. लेखिकेने नोंद घेणारा माणूस उभा केला. त्याचे स्वतःचे दोन एकर त्याच मंडळात. यंत्रापाशी छत्री धरून तो घड्याळाकडे बघतो: आठ वाजून अठ्ठावीस मिनिटे. अर्धा तास उशिरा नोंद घेतली तर? ती तो घेतो की नाही, हे गोष्ट सांगत नाही. त्याची बायको चिखलातून हाक मारते, "अहो, बांध फुटला!" आणि तो वहीत आधी वेळ लिहितो. रडणे नाही, काळे ढग नाहीत. ज्याला कोन म्हणतात तो एवढाच: सगळे आभाळाकडे बघत असताना एकाने वहीकडे बघायचे.

आईच्या विषयावरही हे चालते. साने गुरुजींची 'श्यामची आई' आपण रुमाल घेऊन वाचतो. पण पोहायला घाबरून लपलेल्या श्यामला तिने शिंपटीने फोडून काढले होते. गठ्ठ्यात पदर शेकड्याने सापडतात, शिंपटी एकीच्याही हातात नसते.

असो. पर्जन्यमापकाला मी पहिला क्रमांक दिला. सहपरीक्षकांनी चष्मा पुसला आणि गुणपत्रिकेतल्या 'विषयाशी सुसंगती' या रकान्यापुढे वीसपैकी चार गुण मांडले. "पाऊस कुठंय यात? नुसते आकडे आहेत." पहिला क्रमांक भज्यांना गेला, दुसरा आईच्या डोळ्यांना. पर्जन्यमापकाला उत्तेजनार्थ, वर शेरा: 'थोडे विषयांतर, अक्षर सुंदर'.

समारंभात आयोजकांनी मला बाजूला घेतले. "सर, पुढच्या वर्षी विषय 'आई' आहे. पत्रिकेवर आमदारसाहेबांच्या मातोश्रींचा फोटो छापतोय. तुमचं ते वेगळं काहीतरी जरा जपून हं. आणि ती शिंपटी भाषणात काढू नका."

"मातोश्री काय म्हणतात?" मी विचारले.

"त्यांना विचारलं नाही अजून. फोटो मात्र छापून झालाय."